एकशे बारा कागदांतून तीस पानं: नाकारलेल्या मेडिक्लेमच्या तक्रारीची फाइल

प्रश्न: आईची नोव्हेंबरमधे अँजिओप्लास्टी झाली, २,८६,४०० रुपये आम्ही भरले. कंपनीने क्लेम नाकारला, म्हणे बीपी आठ वर्षांपासून होतं आणि पॉलिसी घेताना लपवलं. आता भोपाळच्या विमा लोकपालांकडे तक्रार करतोय. माझ्याकडे एकशे बारा कागद जमलेत. सगळे लावू का? क्रम कसा ठेवू, नंबर कसे टाकू?

उत्तर:

सगळे लावू नका. तुम्ही पाठवलेली यादी मी दोनदा वाचली, त्यातले तीस पानांच्या आतबाहेर कागद कामाचे आहेत आणि जे सगळ्यात कामाचे आहेत नेमके तेच तुमच्या यादीत नाहीत, त्यावर येतोच. मी सव्वीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेम खात्यात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलोय, आता रिटायर होऊन इथे इंदूरला रामबागेत घरी बसून लोकांच्या अशा फाइली लावून देतो, त्यामुळे हे दोन्हीकडून पाहिलेलं आहे.

आधी एक समजून घ्या. तुमची फाइल उघडणारा माणूस ती कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचत नाही. त्याच्या डोक्यात प्रश्न असतात आणि ते ठरलेल्या क्रमाने येतात. ही तक्रार आपल्याकडे चालते का, वेळेत आहे का? पॉलिसी कुठली, कधीपासूनची? भांडण नेमकं कशावर? आणि शेवटी, पैसे किती? तुमचे कागद याच क्रमाने लागले पाहिजेत. हॉस्पिटलचे एका गठ्ठ्यात, बँकेचे दुसऱ्या गठ्ठ्यात, मेल तिसऱ्या, असं जे आपण घरी करतो ना, ते ठेवायला ठीक आहे, दाखवायला नाही. आणि नुसता तारखेचा क्रमही नको, कारण तुमच्याकडे २०२० पासूनचे कागद आहेत, वाचणाऱ्याला दहा पानं उलटल्यावर कळेल की क्लेम नाकारलाय म्हणून. प्रश्नांचा क्रम बाहेर, आणि त्या त्या प्रश्नाच्या आत तारखेचा क्रम.

आता निवड. कागद निवडायच्या आधी मुद्दा निवडावा लागतो, लोक हे उलटं करतात. तुमचा मुद्दा काय? तुम्ही लिहिलंय की आईला बीपी आठ वर्षांपासून नव्हतंच, २०२३ मधे पहिल्यांदा निघालं. बरोबर असेल, पण हा तुमचा दुसरा मुद्दा आहे. पहिला तुमच्या लक्षातच आलेला नाही. तुमची पॉलिसी १८ ऑगस्ट २०२० ला सुरू झाली आणि अ‍ॅडमिशन ९ नोव्हेंबर २०२५ चं. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने २०२४ मधे आरोग्य विम्याचा मोरेटोरियम आठ वर्षांवरून साठ महिन्यांवर आणला. म्हणजे सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर कंपनीला ‘माहिती लपवली’ या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. मग तुमची अख्खी फाइल एका शब्दावर उभी आहे, ‘सलग’. आणि सलग कशाने दिसतं? दरवर्षीच्या पॉलिसीच्या शेड्यूलने, म्हणजे ज्या पानावर नाव, रक्कम आणि कधीपासून कधीपर्यंत लिहिलेलं असतं ते पान. २०२० पासून २०२५ पर्यंत सहा पानं. तुमच्या यादीत फक्त शेवटच्या वर्षाची पॉलिसी आहे, बाकीच्या ‘जुन्या’ म्हणून बाजूला टाकल्यात, आणि त्याऐवजी लॅबचे एकेचाळीस कागद मोजून ठेवलेत! हिमोग्लोबिन किती होतं यावर इथे कोणाचंही भांडण नाहीये.

दुसरी गोष्ट, तुम्ही सहज लिहून गेलात की २०२२ मधे रिन्यूअलला थोडा उशीर झाला होता. कंपनी यावरच बोट ठेवणार, की खंड पडला, म्हणून महिने तिथून पुढे मोजा. १७ ऑगस्टला संपलेली पॉलिसी तुम्ही २ सप्टेंबरला भरली, म्हणजे सोळा दिवस उशीर. वार्षिक पॉलिसीला तीस दिवसांची सवलत असते, ग्रेस म्हणतात ती, त्या आत भरलं तर आधीची वर्षं बुडत नाहीत, फक्त मधल्या दिवसांत काही झालं तर त्याचा क्लेम मिळत नाही. म्हणजे त्या दिवशी पैसे गेल्याचा पुरावा, प्रीमियमची पावती किंवा बँक स्टेटमेंटचं ते एक पान, हा तुमच्या फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. आणि ते सोळा दिवस वजा करून मोजलं तरी बासष्ट महिने भरतात, हे तक्रारीत एका ओळीत लिहून टाका, वाचणाऱ्याला बोटं मोजायला लावू नका.

तिसरी एक बारीक गोष्ट, जी शेड्यूलची पानं लावल्यावर आपोआप दिसणार आहे, म्हणून आधीच सांगतो. तुमची रक्कम आधी तीन लाख होती आणि २०२३ मधे पाच लाख केली. वाढवलेल्या दोन लाखांचे साठ महिने २०२३ पासून मोजतात, ते भरलेले नाहीत. पण तुमचं बिल २,८६,४०० आहे, तीन लाखांच्या आत, त्यामुळे तुम्हाला फरक पडत नाही. बिल चार लाखांचं असतं तर हीच पानं तुमच्या थोडी विरुद्ध गेली असती.

आता या विरुद्ध जाणाऱ्या कागदांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. हॉस्पिटलच्या अ‍ॅडमिशनच्या कागदावर, ज्याला हिस्टरी शीट म्हणतात, रात्रीच्या ड्यूटी डॉक्टरने लिहिलंय ‘एचटीएन आठ वर्षं’, म्हणजे बीपी आठ वर्षांपासून. तुम्ही विचारलंय, हा लावला नाही तर चालेल का. नाही चालणार. कंपनीला लोकपालांकडे स्वतःची बाजू लिहून द्यावी लागते, एससीएन म्हणतात त्याला, आणि त्याला हा कागद जोडलेलाच असणार, कारण क्लेम यावरच नाकारलाय. तुमच्या फाइलमधे तो नसला तर वाचणारा तो पहिल्यांदा कंपनीच्या हातून पाहील, आणि मग तुम्ही लपवणारे ठरता, तेही लपवण्याच्याच आरोपाच्या केसमधे. म्हणून तो कागद तुम्हीच लावा, पण एकटा लावू नका. त्याच्या लगेच आधी १४ मार्च २०२३ चं ते ओपीडीचं प्रिस्क्रिप्शन, ज्यावर बीपी १६०/१०० आणि ‘नवीन निदान’ असं डॉक्टरांनी लिहिलंय. मग हिस्टरी शीट. आणि लगेच मागे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र. तीन कागद लागोपाठ वाचले की वाचणाऱ्याला स्वतःच दिसतं की २०२३ ला नवीन होतं तर २०२५ ला आठ वर्षांचं कसं होईल.

डॉक्टरांच्या पत्राबद्दल जरा थांबतो. लेटरहेडवर, तारीख टाकून, सहीखाली रजिस्ट्रेशन नंबर असलेलं पाहिजे, आणि त्यात मोघम ‘पेशंटला पूर्वी त्रास नव्हता’ असं नको. अ‍ॅडमिशनच्या वेळी माहिती कोणी सांगितली (तुम्ही म्हणता शेजारचे काका बरोबर होते), ती कुठल्या जुन्या कागदावरून तपासली होती का, आणि हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधे २०२३ च्या आधीचे बीपीच्या उपचाराचे काही कागद आहेत का, एवढंच, जेवढं खरं असेल तेवढंच. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका, आणि आईने खरोखरच २०२० च्या आधी गोळ्या घेतल्या असतील तर हा दुसरा मुद्दा सोडून द्या आणि फक्त साठ महिन्यांवर उभे राहा. अर्धवट खरा मुद्दा चांगल्या मुद्द्यालाही घेऊन बुडतो, मी टेबलाच्या त्या बाजूने हे पाहिलंय.

हिस्टरी शीट तुमच्याकडे फोटोत आहे, वाकडा आणि खालची सही कापलेला. तो नको. हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या आणि इनडोअर केस पेपरची प्रत मागा, अर्ज दिल्यापासून बहात्तर तासांत द्यायचा डॉक्टरांसाठी नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. केस पेपर पन्नास पानांचे निघतील, तुम्हाला त्यातलं पहिलं अ‍ॅडमिशनचं पान हवंय, बाकीचे घरी ठेवा.

पॉलिसी घेताना भरलेला प्रपोजल फॉर्म मात्र शोधाच. माहिती लपवली म्हणजे कुठे लपवली, तर या फॉर्मवर. २०२० च्या पॉलिसीच्या पुस्तिकेत बहुतेक शेवटी त्याची प्रत चिकटवलेली असते, लोक तिकडे बघतच नाहीत. एकदा एका बाईंच्या फॉर्ममधे आजाराच्या प्रश्नासमोर एजंटने काहीच लिहिलं नव्हतं, कोरं सोडलं होतं, आणि कंपनी म्हणत होती ‘नाही’ लिहिलंय. तुमच्याकडे नसला तर कंपनीला मेल करून मागा आणि उत्तर नाही आलं तर तो मेलच फाइलमधे लावा.

हे सगळं धरून तुमची फाइल मी अशी लावली असती. पहिला कंपनीचा १२ डिसेंबरचा नकार, पान १ आणि २. दुसरा तुम्ही कंपनीच्या तक्रार विभागाला २२ डिसेंबरला केलेला मेल, ३ आणि ४. तिसरं त्यांचं ९ जानेवारीचं उत्तर, ५. एवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं, कारण लोकपाल आधी हेच बघतात की तुम्ही कंपनीकडे गेला होता का, त्यांनी नाही म्हटलं का (किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही का), आणि त्या नकारापासून वर्षाच्या आत आलात का. मग चौथा सहा वर्षांची शेड्यूल पानं, ६ ते ११, पाचवा २ सप्टेंबर २०२२ च्या पेमेंटचं पान, १२. सहावा पॉलिसीच्या अटींमधलं मोरेटोरियमचं पान आणि त्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ, १३-१४, मुखपृष्ठ यासाठी की पान कुठल्या पुस्तिकेतलं हे कळावं. सातवा प्रपोजल फॉर्म, १५ ते १७. आठवा मार्च २०२३ चं प्रिस्क्रिप्शन, दोन्ही बाजू, १८-१९. नववा हिस्टरी शीट, २०. दहावा डॉक्टरांचं पत्र, २१. अकरावा डिस्चार्ज समरी, २२ ते २४. बारावा फायनल बिल आणि पैसे भरल्याच्या पावत्या, २५ ते ३०. झालं. औषधांच्या दुकानाची चौसष्ट रुपयांची बिलं नाहीत, अँजिओग्राफीची सीडी नाही, कारण रक्कम किती यावर कंपनीने वाद घातलेलाच नाही, तो घातला तर तेव्हा देऊ.

प्रिस्क्रिप्शनची मागची बाजू मुद्दाम लिहिली. तुमच्या झेरॉक्समधे फक्त पुढची बाजू आहे आणि गोळीचा डोस मागे लिहिलाय असं तुम्हीच म्हणता. झेरॉक्सवाल्याला गठ्ठा देऊन चहा प्यायला जाऊ नका, उभे राहून पाठपोट करून घ्या.

आता नंबर. दोन वेगळे नंबर लागतात आणि लोक ते एकमेकांत कालवतात. एक अनेक्शरचा, म्हणजे कागदाचं नाव, तो कागदाच्या पहिल्या पानावर वर मधोमध. दुसरा पानाचा, तो सगळ्या फाइलमधून सलग, उजव्या वरच्या कोपऱ्यात, १ पासून ३० पर्यंत. प्रत्येक अनेक्शरला परत १ पासून सुरुवात केली की संपलं, मग फाइलमधे बारा ‘पान १’ होतात. आधी पेन्सिलीने टाका, दोन दिवस फाइल पडू द्या, कारण काहीतरी आठवतंच आणि मधे घुसवावं लागतं, मग पक्क्या पेनाने. तक्रारीचा फॉर्म आणि अनुक्रमणिका या नंबरांच्या बाहेर ठेवा, म्हणजे त्यात बदल झाला तरी पानं हलत नाहीत.

नुसते नंबर टाकूनही उपयोग नाही, तक्रारीच्या मजकुरात ते आले पाहिजेत. ‘सोबत कागदपत्रे जोडली आहेत’ हे वाक्य कोणाच्याच कामाचं नाही. त्याऐवजी ‘२०२२ चं रिन्यूअल २ सप्टेंबरला झालं, अनेक्शर ५, पान १२’. ज्या वाक्यापुढे असा नंबर टाकता येत नाही ते वाक्य एकतर काढा नाहीतर त्याचा कागद शोधा. आणि उलटंही करा, ज्या कागदाचा नंबर मजकुरात एकदाही आला नाही तो फाइलमधे का आहे हे स्वतःला विचारा. माझे निम्मे कागद या एका चाळणीत गळतात.

हे मी ठेच लागूनच शिकलो. रिटायर झाल्यावर मेव्हण्याची एक तक्रार लावली होती, कागद चोख होते, पण पानांना नंबर नव्हते, मला वाटलं एवढीशी तर फाइल. सुनावणी व्हिडिओवर होती, तिकडून साहेबांनी विचारलं की हे पत्र कुठे आहे, आणि मेव्हणा म्हणतोय ‘ते निळ्या शिक्क्याचं, सर’, आणि त्यांच्यासमोर काळं-पांढरं स्कॅन! चार मिनिटं शोधण्यात गेली, आणि एकूण वेळच थोडा असतो. व्हिडिओवर तुम्ही कागद दाखवू शकत नाही, फक्त पान सांगू शकता.

अनुक्रमणिका एकाच पानात बसवा. कागदाचं नाव, तारीख, पान, आणि एक रकाना जो कोणी करत नाही पण वाचणाऱ्याला तोच लागतो: यातून काय दिसतं. उदाहरण म्हणजे पाचव्यासमोर नुसतं ‘बँक स्टेटमेंट’ लिहिलं तर काही कळत नाही, ‘रिन्यूअल सोळाव्या दिवशी भरलं, तीस दिवसांच्या सवलतीत’ असं लिहिलं की कागद उघडायच्या आधीच मुद्दा पोचला. पण इथे भाषण नको, ‘कंपनीचा अन्याय दिसतो’ वगैरे लिहू नका, कागदावर जे आहे तेवढंच. नववा कागद तुमच्या विरुद्ध आहे, तिथेही सरळ लिहा, ‘ड्यूटी डॉक्टरने आठ वर्षं लिहिलं, खुलासा पान २१ वर’. इथल्या भोपाळच्या ऑफिसात मराठी चालणार नाही हे सांगायला नको, अनुक्रमणिका हिंदीत किंवा इंग्रजीत करा, आणि एकच धरा, अर्धी अर्धी नको.

खुणा करायच्या तर झेरॉक्सवर, मूळ कागदावर कधीच नाही. आणि हायलायटर वापरू नका, पिवळा स्कॅनमधे उडून जातो आणि हिरवा-गुलाबी असला तर त्याखालची अक्षरंच काळवंडतात. ज्या ओळीकडे बघायचं तिच्या बाजूला मार्जिनमधे पेनाने एक उभी रेघ, बास. अख्ख्या फाइलमधे आठ-दहा रेघा असतील तर त्या दिसतात, प्रत्येक पानावर असतील तर एकही दिसत नाही. हॉस्पिटलच्या कार्ड मशीनच्या त्या चकचकीत पावत्या आहेत ना, त्यांची झेरॉक्स आजच काढा, थर्मल कागद उन्हाळ्यापर्यंत कोरा होतो, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, मशीनच्या उष्णतेने अख्खी पावती काळी पडते.

मेलबद्दल. तुमच्या यादीत मेलचे एकोणीस कागद आहेत, त्यात तोच मेल खाली खाली पाच वेळा छापलाय कारण प्रत्येक उत्तरात आधीचं सगळं येतं. फक्त २२ डिसेंबरचा तुमचा आणि ९ जानेवारीचा त्यांचा, आणि दोन्हींत वरची ओळ, पाठवणारा, मिळणारा, तारीख-वेळ दिसली पाहिजे. मोबाइलचा स्क्रीनशॉट नको, त्यात तारखेच्या जागी नुसतं ‘काल’ असतं, कॉम्प्युटरवर उघडून पीडीएफ करा. एजंटबरोबरचं व्हॉट्सअ‍ॅप राहू द्या, त्यात त्याने ‘हो जाएगा भिया’ याशिवाय काही म्हटलेलं नाहीये.

ऑनलाइन भरणार असाल तर प्रत्येक अनेक्शरची वेगळी पीडीएफ करा आणि तिचं नाव असं ठेवा:

```
01_Rejection_Letter_12-12-2025_p1-2.pdf
05_Renewal_Payment_02-09-2022_p12.pdf
09_Admission_History_09-11-2025_p20.pdf
```

सुरुवातीचं शून्य सोडू नका, नाहीतर बऱ्याच ठिकाणी १० नंबरची फाइल २ च्या आधी जाऊन बसते. स्कॅन नंबर टाकल्यानंतरच करा, आधी करून मग कागदावर नंबर टाकलेत तर दोन्हीकडे वेगळी फाइल होते. एका फाइलची साइज किती चालते ते पोर्टलवर अपलोडच्या जागीच लिहिलेलं असतं, मोठी झाली तर रंगीतऐवजी काळी-पांढरी करा पण आधी प्रिस्क्रिप्शनवरचं पेनाचं अक्षर वाचता येतंय ना ते मोबाइलवर उघडून पाहा.

कागदी फाइल पाठवणार असाल तर स्टेपल नको, खजूरी बाजारात पाच-दहा रुपयांना लेस मिळतात त्या घ्या, डाव्या कोपऱ्यात एक भोक आणि लेस, म्हणजे तिकडे स्कॅन करणाऱ्याला पानं फाडावी लागत नाहीत. स्पायरल दिसायला छान, पण नंतर एक पान घालायचं झालं तर परत दुकान. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर आईची सही, तक्रारीवरही आईचीच, कारण पॉलिसी त्यांच्या नावावर आहे, तुमची नाही. मूळ कागद पाठवू नका. याच नंबरांचा एक तंतोतंत सेट तुमच्याकडे ठेवा, आणि मूळ कागद वेगळ्या फाइलमधे याच क्रमाने, मागितले तर पान नंबर ऐकून हात जायला हवा. फी काही लागत नाही, वकीलही लागत नाही.

राहिली ती २०२१ ची पॉलिसी, जी तुम्हाला सापडतच नाहीये. कंपनीला आजच मेल टाका, पॉलिसी नंबर देऊन त्या वर्षाच्या शेड्यूलची प्रत मागा. २०२२ च्या शेड्यूलवर ‘मागील पॉलिसी नंबर’ असा रकाना असतो बघा, त्यात २०२१ चा नंबर असेल तर अर्धं काम तिथेच झालं, त्या रकान्याच्या बाजूला रेघ ओढा. आणि तोपर्यंत पान ७ वर एक कोरा कागद लावून त्यावर लिहा, ‘२०२१-२२ शेड्यूल, कंपनीकडे मागितलं, अमुक तारखेचा मेल’. प्रत आली की तोच कागद काढून तिथेच ती लावायची, पुढचा एकही नंबर हलणार नाही.